मामांची फाइल तळघरात आहे

रुग्णालयातून घरी सोडताना माणसाला बऱ्याच वस्तू मिळतात. गोळ्यांची पिशवी, रिक्षात आडवं-उभं कसंही न मावणारं एक्स-रेचं पाकीट, पायाचा रबर निघालेला वॉकर, हातभर लांबीचं बिल आणि दोन पानी डिस्चार्ज समरी. त्या समरीत माणसाचे आठ-नऊ दिवस पाच ओळींत उरकलेले असतात. पेशंट आला, तपासला, कापला, शिवला, बरा झाला, आठ दिवसांनी दाखवायला या. मधल्या काळात दर तासाला कुणीतरी काहीतरी लिहीत होतं, ते सगळं त्यात नसतं. ते असतं जाड्या फाइलमध्ये, आणि पेशंट पुढच्या दाराने घरी जात असतो तेव्हा ती फाइल मागच्या लिफ्टने तळघरात जात असते. तिथे पार्किंग आणि जनरेटर यांच्यामध्ये एक दार असतं, त्यावर ‘एमआरडी’ अशी पाटी. म्हणजे मेडिकल रेकॉर्ड्स डिपार्टमेंट. रुग्णालयाची सगळी स्मरणशक्ती त्या दाराआड असते आणि ती सहसा जेवायला गेलेली असते.

आमच्या मामांना या दाराशी जायची वेळ विमा कंपनीमुळे आली. मामा रात्री बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलावा लागला. कॅशलेस मंजूर होता-होता राहिलं, पैसे भरून घरी आलो, नंतर क्लेम टाकला. महिन्याभराने उत्तर आलं : तुम्हाला बारा वर्षांपासून रक्तदाब आहे, पॉलिसी तीन वर्षांपूर्वी घेताना तुम्ही तो लपवला, सबब क्लेम नामंजूर. मामांचा रक्तदाब खरोखर वाढलेला मी त्या दिवशी पाहिला.

मामा एस.टी.च्या हिशेब शाखेतून निवृत्त झालेले. अर्ज हा त्यांचा हातखंडा. त्यांनी त्याच संध्याकाळी रुग्णालयाला चार पानी अर्ज लिहून काढला. ‘विषय : अन्याय.’ पहिल्या पानावर बाथरूमची फरशी, ती बसवणारा कंत्राटदार आणि त्या वेळचे सोसायटीचे सचिव. दुसऱ्या पानावर स्ट्रेचर यायला लागलेला वेळ. तिसरं पान सबंध कॅन्टीनच्या उपम्याला दिलेलं होतं. चौथ्याच्या तळाशी, सहीच्या जरा वर, ‘तरी माझी सर्व कागदपत्रे मिळावीत ही नम्र विनंती’ असं एक वाक्य जीव मुठीत धरून उभं होतं.

मामी म्हणाल्या, “यातलं शेवटचं वाक्य तेवढं ठेवा आणि बाकीचं मला द्या, डब्यात घालायला कागद हवाच होता.”

पण खरी पंचाईत त्या शेवटच्या वाक्याचीच होती. ‘सर्व कागदपत्रे’ मागणाऱ्याला रुग्णालय प्रामाणिकपणे सर्व कागदपत्रे देतं : डिस्चार्ज समरीची झेरॉक्स, रक्ताचे रिपोर्ट, बिल. यात लबाडी असतेच असं नाही. काउंटरवरच्या माणसाकडे रोज असे अर्ज येतात, त्यातल्या बहुतेकांना खरोखर एवढंच हवं असतं. त्याने फाइल उघडली, वरचं काढलं, मशीनवर ठेवलं, विषय संपला. आता तुम्ही म्हणालात की हे सगळं नाही, तर तो विचारणार, “मग अजून काय पाहिजे?” आणि तिथे आपण गप्प. कारण फाइलमध्ये काय-काय असतं हे आपल्याला ठाऊकच नसतं. जे मागताच आलं नाही ते मिळालं नाही, हे सिद्ध तरी कसं करणार?

म्हणून अर्ज असा हवा की देणाऱ्याने तो हातात धरून फाइलची पानं उलटावीत आणि एकेका ओळीपुढे बरोबरची खूण करत जावी. जिथे खूण होणार नाही तिथे काय नाही ते आपोआप दिसेल. त्यासाठी अर्जात अन्याय, उपमा आणि सचिव यांना जागा नाही. तक्रार दिसली की अर्ज तळघरात जात नाही, वरच्या मजल्यावर प्रशासनाकडे जातो, तिथून वकिलांकडे, आणि ‘विचाराधीन’ होतो. कारणही लिहायचं नाही. मामांना हे अजिबात पटेना. “कारण न देता अर्ज? अशाने किरकोळ रजासुद्धा मिळत नाही!” पण नियम कारण विचारतच नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे विनियम आहेत. त्यातल्या १.३.१ प्रमाणे दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात, आणि १.३.२ प्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितले तर त्याची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. कशासाठी पाहिजेत, क्लेमसाठी की फ्रेम करून लावायला, हा प्रश्न त्यात नाही. (२०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे विनियम निघाले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे जुनेच चालू राहिले. सरकारी नियमांनाही कधीकधी निरीक्षणाखाली ठेवतात.) रुग्णाचे कागद गोपनीय आहेत म्हणून ते रुग्णालाच द्यायचे नाहीत, हा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच मोडीत काढला आहे. अर्जात एवढं सगळं लिहायची गरज नाही. ‘विनियम १.३.२’ एवढी एक ओळ पुरते. ती वाचली की काउंटरवरचा माणूस पहिल्यांदाच मान वर करून बघतो.

मग आम्ही तारखांना बसलो.

मामांचं म्हणणं, “अकरा ऑगस्टला गेलो, एकोणीसला आलो. लिही.” पण रुग्णालयातला दिवस आपल्या कॅलेंडरमधल्या दिवसासारखा मध्यरात्री बदलत नाही. मामा अकराच्या रात्री पावणेअकराला कॅज्युअल्टीत पोहोचले. फॉर्म भरून, एक्स-रे होऊन, हृदयाचे ठोके अनियमित निघाले म्हणून आयसीयूत नेईपर्यंत बाराची तारीख लागली होती. आयसीयूचा तक्ता चोवीस तासांचा, तो सकाळी ड्यूटी बदलताना सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी संपतो. म्हणजे बारा तारखेच्या पहाटे दोनला मामांना काय झालं, हे अकरा तारखेच्या कागदावर. रात्रपाळीच्या सिस्टरच्या नोंदींचंही तसंच. आपण भोळेपणाने ‘१२ ऑगस्टच्या नोंदी’ मागितल्या तर पहाट नेमकी गळते, आणि रुग्णालयात जे काही घडतं ते बहुधा पहाटेच घडतं. म्हणून तारखेबरोबर वेळ लिहायची आणि विभागाप्रमाणे तुकडे पाडायचे : इथून इथपर्यंत कॅज्युअल्टी, इथून इथपर्यंत आयसीयू, अमुक वेळेला ऑपरेशन थिएटर, नंतर वॉर्ड. वेळा कुठून आणायच्या? बिलावरून. कुठल्या खाटेवर किती दिवस झोपलात हे रुग्णालय दुसरीकडे कुठे विसरेल, पण बिलात विसरत नाही.

विभागांची यादी करताना मामांना स्वतःविषयी बरीच नवी माहिती मिळाली. त्यांची समजूत अशी की आपण ‘हाडाच्या डॉक्टरांकडे’ होतो. मी बिल वाचत गेलो. “हृदयरोग विभागाचे डॉक्टर दोनदा येऊन गेलेत. टू-डी इको झालाय.”

“तो मिशीवाला? मला वाटलं बघायला आलेला कुणी नातेवाईक आहे. पाय कसा आहे विचारून गेला.”

“त्याचे दीड-दीड हजार लावलेत.”

“मग नातेवाईक नव्हता,” मामी म्हणाल्या.

असे पाहुणे डॉक्टर जे लिहून जातात तो ‘रेफरन्स नोट’ नावाचा वेगळा कागद असतो. तो कधी मुख्य फाइलमध्ये असतो, कधी त्यांच्या विभागात राहतो. भूलतज्ज्ञांचे कागद वेगळे : ऑपरेशनआधीची तपासणी, भुलीची संमती आणि ऑपरेशन चालू असताना दर काही मिनिटांनी नाडी-रक्तदाब टिपलेला तक्ता. ऑपरेशन थिएटरची ऑपरेशन नोट वेगळी, आणि तिच्यावर किंवा तिच्यामागे बसवलेल्या सांध्याचं स्टिकर, ज्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. मामांच्या अंगात सध्या जी सर्वांत महागडी वस्तू आहे तिची पावती म्हणजे ते स्टिकर. ते नसेल तर उद्या सांधा काढायची वा दुरुस्त करायची वेळ आल्यावर आत काय बसवलंय हे एक्स-रेवरून ताडत बसावं लागतं. रक्ताची एक बाटली दिली होती, तिचा रक्तपेढीचा क्रॉसमॅच कागद आणि ती चढत असतानाच्या नोंदी. फिजिओथेरपी आणि आहार हे दोन विभागही निघाले. आहारतज्ज्ञांनी उपम्याबद्दल काय लिहिलंय हे बघायची मामांना भारी उत्सुकता.

रेडिओलॉजीचं एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. रिपोर्ट हे कुणाचं तरी मत असतं, चित्र वेगळं. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं तर चित्र लागतं, आणि मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो उपयोगाचा नसतो. ‘डायकॉम फॉरमॅटमध्ये सीडी’ असे शब्द लिहावे लागतात. ईसीजीची पट्टी ज्या कागदावर निघते तो उष्णतेने उमटणारा असतो, काही महिन्यांत अक्षरं उडतात. आयुष्यभराची लय नोंदवून तो कोरा होतो, म्हणून त्याची प्रत लवकर घ्यावी.

पण सर्वांत जास्त झगडा झाला तो एका विभागावरून, जो मामा विभाग मानायलाच तयार नव्हते. तळमजल्यावरची विम्याची खिडकी. “तिथे कुठे उपचार झाले?” उपचार नाही झाले, पण लिहिलं सर्वांत जास्त तिथेच. कॅशलेससाठी रुग्णालय विमा कंपनीला जो पूर्वमंजुरीचा फॉर्म पाठवतं त्यात एक रकाना असतो : मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब, दमा वगैरे, आणि प्रत्येकासमोर ‘केव्हापासून, महिना/वर्ष’. तो रकाना रुग्णालयातलं कुणीतरी भरतं, बहुधा पेशंटला न विचारता, फाइलमधून बघून. क्लेमचा जीव या रकान्यात असतो. आणि हा फॉर्म, कंपनीचे प्रश्न, रुग्णालयाने दिलेली उत्तरं, हे सगळं एमआरडीच्या फाइलमध्ये सहसा नसतंच. ते त्या खिडकीच्या संगणकावर असतं. वेगळं नाव घेऊन मागितलं नाही तर तळघरातला माणूस शपथेवर सांगेल की माझ्याकडे होतं ते सगळं दिलं, आणि ते खरं असेल.

शेवटी अर्ज झाला तो असा. मायना आणि पत्ता सोडून देतो.

‘विषय : माझ्या आंतररुग्ण नोंदींच्या संपूर्ण प्रमाणित प्रती मिळणेबाबत.

रुग्ण क्रमांक व आयपी क्रमांक : (डिस्चार्ज समरीवरून). दाखल : ११ ऑगस्ट, रात्री १०.४५. घरी सोडले : १९ ऑगस्ट, दुपारी ४.

विनियम १.३.२ नुसार खालील कागदांच्या प्रती मिळाव्यात.

(१) कॅज्युअल्टी, ११ ऑगस्ट रात्री १०.४५ ते १२ ऑगस्ट पहाटे १ : केस पेपर, पूर्वेतिहासाच्या नोंदीसह, ट्रायाज व नर्सिंग नोंदी, ईसीजी.

(२) आयसीयू, १२ ऑगस्ट पहाटे १ ते १३ ऑगस्ट सकाळी ९ : दाखल करतानाची तपासणी, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, चोवीस तासांचे तक्ते, औषधांचा तक्ता, हृदयरोग विभागाच्या रेफरन्स नोट्स, टू-डी इको.

(३) ऑपरेशन थिएटर व भूल विभाग, १३ ऑगस्ट : भूलपूर्व तपासणी, सर्व संमतीपत्रे, सुरक्षा चेकलिस्ट, भुलीचा तक्ता, ऑपरेशन नोट, इम्प्लांट स्टिकर, रक्त चढवल्याच्या नोंदी.

(४) अस्थिरोग वॉर्ड, १३ ऑगस्ट दुपार ते १९ ऑगस्ट : डॉक्टरांच्या व नर्सिंगच्या नोंदी, तिन्ही पाळ्यांच्या, ताप-नाडीचा तक्ता, औषधांचा तक्ता, पाणी व लघवीच्या मापाचा तक्ता, फिजिओथेरपी, आहार.

(५) प्रयोगशाळा व रेडिओलॉजी, संपूर्ण कालावधी : सर्व रिपोर्ट, बाहेर पाठवलेल्या तपासण्यांसह, सर्व चित्रे डायकॉम फॉरमॅटमध्ये सीडीवर.

(६) बिलिंग व विमा कक्ष : तपशीलवार बिल, परत केलेल्या औषधांसह, पूर्वमंजुरीचा फॉर्म, विमा कंपनीशी झालेला सर्व पत्रव्यवहार.

प्रती पाठपोट असलेल्या कागदांच्या दोन्ही बाजूंच्या, पृष्ठक्रमांक घातलेल्या व प्रत्येक पानावर शिक्का-सही असलेल्या असाव्यात. रंगीत शाईचे तक्ते रंगीत असावेत. प्रतींचा वाजवी खर्च देण्यास मी तयार आहे. वरीलपैकी एखादा कागद केलेलाच नसेल, सापडत नसेल किंवा देता येत नसेल, तर तसे त्या कागदाच्या नावासह लेखी कळवावे.’

या अर्जातलं सर्वांत वजनदार वाक्य शेवटचं. कागद न देणं सोपं असतं, पण ‘हा कागद आमच्याकडे नाही’ असं सहीनिशी लिहून देणं कुणालाच आवडत नाही. त्यापेक्षा तो शोधणं परवडतं. मामांनी अर्ज दोनदा वाचला आणि नाराजीने म्हणाले, “यात मी कुठे आहे?” त्यांच्या समाधानासाठी शेवटी ‘आपला विश्वासू’च्या वर ‘कळावे’ घातलं.

सही मामांचीच हवी. रुग्ण शुद्धीवर असताना भाच्याच्या सहीने कुणी कागद देत नाही आणि देऊही नये. नेऊन द्यायला मी जाणार, म्हणून माझ्या नावाचं अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडल्या. रुग्ण हयात नसेल तर नात्याचा आणि वारसाचा पुरावा लागतो. तो अर्ज लिहिण्याची वेळ कुणावर येऊ नये.

काउंटरवरच्या बाईंनी अर्ज वाचायला घेतला आणि तिसऱ्या कलमाशी थांबून विचारलं, “तुम्ही डॉक्टर आहात का?” नाही म्हटल्यावर, “वकील?” तेही नाही. मग त्यांनी मला जरा सहानुभूतीने बसायला सांगितलं. “साहेब आल्यावर बघतो, ठेवून जा” हे पुढचं वाक्य मला अपेक्षित होतं. ठेवून जायचं नाही. ७२ तास कधी सुरू झाले ते आपल्या प्रतीवरच्या शिक्क्यावरून ठरतं : आवक क्रमांक, तारीख, वेळ, सही. शिक्का नसेल तर घड्याळ आपल्या खिशात चालतं, त्यांच्या भिंतीवर नाही. त्यांच्याकडे शिक्का होता, शाईचा पॅड सुकला होता. बाईंनी पॅडवर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि निळसर ढगासारखी एक पोच मला मिळाली. मी त्यावर वेळ पेनाने लिहून घेतली. शिवाय त्याच संध्याकाळी अर्ज ईमेलनेही पाठवला, ढगाच्या भरवशावर कशाला राहा.

प्रती मिळाल्या. गठ्ठा पाहून मामांची छाती फुगली. एवढी मोठी फाइल तर त्यांच्या चौकशीचीसुद्धा झाली नव्हती. ताबडतोब पैसे भरून निघायचा मोह होतो. तिथेच खुर्चीवर बसून अर्ज आणि गठ्ठा समोरासमोर लावायचा. पृष्ठक्रमांक सलग आहेत का बघायचं. तक्त्यांच्या मागच्या बाजू आहेत का बघायचं. एखादं वाक्य पानाच्या तळाशी अर्ध्यात तुटून पुढच्या पानावर भलतंच सुरू झालं तर मागची बाजू राहिली असं समजावं. नर्सिंगच्या नोंदींत दिवसाला तीन पाळ्या लागतात का ते मोजायचं. आमच्या गठ्ठ्यात औषधांच्या तक्त्याची मागची बाजू, पंधरा तारखेची रात्रपाळी आणि पूर्वमंजुरीचा फॉर्म नव्हता. यासाठी दुसरा अर्ज लिहिला, पाच ओळींचा : पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक, कलम चारमधले हे दोन कागद, कलम सहामधला हा एक. त्याला उत्तर फार लवकर आलं. मोठा अर्ज नीट असला की दुसरा लहान होतो, आणि लहान अर्ज लोक लगेच निकालात काढतात.

मग मी सगळे कागद तारखेप्रमाणे लावले आणि ‘रक्तदाब’ हा एकच शब्द घेऊन पहिल्यापासून शोधत गेलो. कॅज्युअल्टीच्या कागदावर निवासी डॉक्टरांनी घाईत लिहिलं होतं : रक्तदाब, एक पूर्णांक एक द्वितीयांश वर्ष. मामींनी त्या रात्री “दीड वर्षापासून गोळी चालू आहे” असंच सांगितलं होतं. पण तो अपूर्णांक लिहिताना वरचा एक आणि मधली रेघ पेनाने नीट उमटलीच नव्हती. उरला होता मोठा एक आणि त्याच्या पायाशी दोन. आयसीयूच्या नोंदीत पुढच्या डॉक्टरांनी ते उतरवलं ‘१२’. पूर्वमंजुरीच्या फॉर्मात त्याचं महिना-वर्ष झालं, समरीत ते टाइप झालं, आणि विमा कंपनीने ते लाल अक्षरात परत पाठवलं. कुणीही खोटं बोललं नव्हतं. मामांचा आजार कागदावरून कागदावर जाताना साडेदहा वर्षांनी वाढला होता, एवढंच.

नुसती समरी हातात असती तर यातलं काही दिसलं नसतं, कारण बारा तिथे सुरेख छापलेले होते. कॅज्युअल्टीच्या पानाची ठळक प्रत आणि मामांच्या पहिल्या गोळीची चिठ्ठी, जिच्यावर तारीख आहे, एवढं घेऊन रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे गेलो. नोंद खोडायची नसते, कुणी खोडून मागूही नये. मूळ तसंच ठेवून त्यांनी सही-शिक्क्याचं वेगळं खुलासापत्र दिलं. ते जोडून विमा कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे फेरविचाराचा अर्ज गेला आहे. तोही मीच लिहिला, त्यामुळे त्यात उपमा नाही. उत्तर यायचं आहे.

दरम्यान मामांनी गठ्ठा आपल्याकडे ठेवून घेतला आहे आणि रोज चहाबरोबर त्यातली चार पानं वाचतात. आहारतज्ज्ञांनी ‘आवडीने खातात’ असं लिहिलेलं त्यांना झोंबलं. पण खरा भडका उडाला तो नर्सिंगच्या नोंदींवर. रोज रात्री, एकच वाक्य : ‘नो फ्रेश कम्प्लेंट्स’.

“खोटं आहे हे!” मामा गरजले. “रात्र-रात्र ओरडत होतो मी. उशी, पंखा, पाय, शेजारचा घोरणारा, एकूणएक तक्रार केली. आणि ही बाई लिहिते, नवीन तक्रार नाही?”

मामींनी चष्मा लावून ते पान शांतपणे वाचलं.

“बरोबर लिहिलंय की. रोज त्याच तर होत्या.”